कर कुटुंबावर नको, वाटेकऱ्यांवर हवा

हिंदू अविभक्त कुटुंबाला, म्हणजे एचयूएफला, आयकरात स्वतंत्र करदाता मानावे का, हा वाद समान नागरी कायद्याचा विषय निघाला की हमखास डोके वर काढतो. एका बाजूचे म्हणणे असे की ही एका धर्माच्या लोकांना दिलेली खास सवलत आहे, ती बंद करा. दुसऱ्या बाजूला हा आपल्या कुटुंबव्यवस्थेवरचा घाला वाटतो. 2018 साली विधी आयोगाने कौटुंबिक कायद्यांवरच्या सल्लामसलत-पत्रात ही करसोय बंद करण्याची बाजू मांडली, तेव्हाही चर्चा याच दोन खुंट्यांभोवती फिरली. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की एचयूएफ म्हणजे कुटुंबाचा फायदा. कोणत्या कुटुंबाचा, किती आणि कोणाच्या वाट्यातून, हा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. कुटुंबाला मिळणारी स्वतंत्र करमुक्त मर्यादा रद्द करावी, पण ते उत्पन्न कर्त्याच्या डोक्यावर न टाकता ज्याच्या हिश्शाचे त्याच्या हातात मोजावे. दिवाणी कायद्यातले एकत्र कुटुंब जसे आहे तसे राहू द्यावे.

धर्मभेदाचा आक्षेप खरा आहे, हे आधीच मान्य करतो. हिंदूंबरोबर जैन, शीख आणि बौद्ध कुटुंबांनाही हे दार उघडे आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना नाही. एकाच गल्लीत दोन कुटुंबांनी आपापल्या वडिलोपार्जित दुकानावर सारखेच पोट भरावे आणि धर्मावरून एकाला दोन मर्यादा, दुसऱ्याला एक मिळावी, याचे समर्थन करता येत नाही. पण आक्षेप एवढाच असेल तर सगळ्या धर्मांच्या कुटुंबांना एकेक जादा मर्यादा दिली की तो मिटला! मूळ दोष मात्र तसाच राहील, उलट देशभर पसरेल. म्हणून आधी तो दोष कुठे आहे ते पाहू.

साताऱ्यात वडिलोपार्जित दोन गाळे असलेले एक कुटुंब घ्या. नगरपालिकेची घरपट्टी आणि 30 टक्के प्रमाणित वजावट जाऊन भाड्याचे करपात्र उत्पन्न वर्षाला 6 लाख रुपये. वडील पुण्यात नोकरीला, त्यांचे स्वतःचे करपात्र उत्पन्न 26 लाख. आईला उत्पन्न नाही. मुलगा आणि मुलगी दोघेही सज्ञान, शिकत आहेत. आर्थिक वर्ष 2025-26 पासूनच्या नव्या करपद्धतीचे दर धरले तर 4 लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के, असे चढत जाऊन 24 लाखांच्या वर 30 टक्के. गाळ्यांचे भाडे एचयूएफच्या फाइलमध्ये दाखवले, तर 6 लाखांतले पहिले 4 लाख सुटतात आणि उरलेल्या 2 लाखांवर 5 टक्क्यांनी 10,000, अधिक 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 10,400 रुपये कर बसतो. तेच भाडे पूर्णपणे वडिलांच्या उत्पन्नात मिळवले, तर 30 टक्क्यांनी उपकरासह 1,87,200 रुपये होतात. एचयूएफचे समर्थक हे दोनच आकडे दाखवतात आणि विचारतात, जे भाडे एकट्या वडिलांचे नाहीच त्यावर त्यांच्या दराने कर का?

प्रश्न रास्त आहे. पण तिसरा आकडा कुठे गेला? या कुटुंबात वाटणी झाली तर आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे वडील, आई, मुलगा आणि मुलगी असे चार सारखे हिस्से पडतील, प्रत्येकी दीड लाखाचे. आई आणि मुलांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आतच राहील. वडिलांच्या दीड लाखावर 30 टक्क्यांनी 45,000 आणि उपकर मिळून 46,800 रुपये लागतील. कुटुंबाचा खरा कर एवढा. त्याच्या आणि 10,400 च्या मधला जो 36,400 रुपयांचा फरक आहे, तो आईला किंवा मुलांना मिळालेली सवलत नाही. वडिलांचा स्वतःचा हिस्सा त्यांच्या 30 टक्क्यांच्या दरातून निसटल्याने तो पडला आहे. 26 लाख कमावणाऱ्या माणसाला आणखी एक कोरी पाटी मिळाली आणि तिच्यावर पुन्हा शून्यापासून आकडे मांडायची मुभा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता याच्या उलट टोकाचे कुटुंब पाहा. तालुक्याच्या गावात तीन भावांचे वडिलोपार्जित हार्डवेअरचे दुकान आहे, दुसरे उत्पन्न कोणालाच नाही, चूल एक, गल्ला एक. वर्षाचा निव्वळ नफा 15 लाख. हे खरेखुरे एकत्र कुटुंब. त्यांच्या एचयूएफला पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढे 20,000, मग 40,000 आणि वरच्या 3 लाखांवर 15 टक्क्यांनी 45,000, असा 1,05,000 आणि उपकर धरून 1,09,200 रुपये कर बसतो. हेच तिघे वेगळे असते तर प्रत्येकाच्या हातात व्यक्ती म्हणून 5 लाख मोजले गेले असते आणि कर शून्य झाला असता. कारण नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावरचा कर माफ करणारी 60,000 रुपयांपर्यंतची सूट निवासी व्यक्तीला मिळते, हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळत नाही. जुन्या पद्धतीतही ज्येष्ठ नागरिकाची वाढीव मर्यादा कुटुंबाला नसतेच, कर्ता 80 वर्षांचा असला तरी.

म्हणजे ज्याला एकत्र राहायची गरजच नाही, ज्याची कमाई नोकरीतून येते आणि ज्याची एचयूएफ पॅन कार्डापुरती आहे, त्याला ही व्यवस्था बक्षीस देते. ज्यांचे पोट खरोखर एका गल्ल्यावर आहे त्यांच्याकडून ती जादा वसूल करते. कुटुंबसंस्था जपण्यासाठी ही सोय आहे, असे म्हणणाऱ्यांनी या दुकानदार भावांना काय उत्तर द्यायचे?

त्यावर जाणकार सीए एक उत्तर देतील आणि ते चुकीचे नाही. दुकानात राबणाऱ्या भावांना कुटुंबाने पगार द्यावा. सदस्यांमध्ये तसा वैध करार असेल, काम खरे असेल आणि रक्कम वाजवी असेल तर तो पगार धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. कर्त्याच्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच हे मान्य केले आहे. तिघांना 4-4 लाख पगार दिला की कुटुंबाकडे 3 लाख उरतात आणि कर संपतो. पण ही वाट ज्यांना सल्लागार परवडतो त्यांनाच सापडते. करार नसताना वर्षाअखेरीस नुसती जमाखर्चात नोंद टाकली तर तपासणीत ती उडते. शिवाय पगार राबणाऱ्यालाच देता येतो. अशाच दुसऱ्या एखाद्या घरातली विधवा भावजय, जिचा दुकानात हिस्सा आहे पण जी गल्ल्यावर बसत नाही, तिला पगार कशाचा दाखवणार? कर हिश्शावर बसला असता तर तिच्या नावावर आपोआप उत्पन्न लागले असते. ही पळवाट मूळ नियमाची चूक झाकते, दुरुस्त करत नाही.

इथे थोडा इतिहास आठवावा लागतो, कारण आज सवलत म्हणून गाजणारी ही मर्यादा पूर्वी तक्रारीवरचा उतारा होती. इंग्रजांच्या 1886 च्या कायद्यापासून हिंदू अविभक्त कुटुंब ही करपात्र ‘व्यक्ती’ ठरली. 1922 च्या कायद्याने कुटुंबाने कर भरला की सदस्याला मिळालेल्या वाट्यावर पुन्हा कर नाही, हे पक्के केले. दर चढते असले की एकत्र मोजलेले उत्पन्न वरच्या दरात जाते. दहा माणसांचे उत्पन्न एका माणसाचे समजून कर घेतला जातो. म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वित्त कायद्यांत कुटुंबाला व्यक्तीच्या दुप्पट मर्यादा असे. ती मिळण्यासाठी वाटणी मागू शकणारे किमान दोन सदस्य असावे लागत आणि ते सज्ञान असावेत किंवा एकमेकांचे थेट वंशज नसावेत अशी अट असे. म्हणजे त्या काळी कायदा निदान विचारत तरी होता की या छपराखाली वाटेकरी किती आहेत. आज तो विचारत नाही. दोघांच्या कुटुंबाला 4 लाख आणि बावीस जणांच्या कुटुंबालाही 4 लाखच.

मधल्या काळात सरकारलाही गळती दिसली. ज्या कुटुंबातल्या एखाद्या सदस्याचे स्वतःचे उत्पन्न करमर्यादेच्या वर असेल, त्या कुटुंबाला 1973 च्या वित्त कायद्याने चढे दर लावले. निदान बरोबर होते, औषध चुकीचे. एका भावाला सरकारी नोकरी लागली म्हणून शेतमालाच्या अडतीवर बसलेल्या दुसऱ्या भावाच्या वाट्यावरही चढा दर बसला. ते दर पुढे रद्द झाले. त्यांच्या जागी हिश्शाप्रमाणे मोजणी यायला हवी होती, ती आली नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे आणि तो करकायद्याचा नसून हिंदू कायद्याचा आहे. मिताक्षर पद्धतीत एकत्र कुटुंबातल्या कोणालाही ‘माझा हिस्सा इतका’ असे छातीठोक सांगता येत नाही. जन्माने तो घटतो, मृत्यूने वाढतो, वाटणी होईल त्या दिवशीच ठरतो. त्या वेळचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1866 मध्ये हे सूत्र मांडले, ते अजून शिकवले जाते. हिस्साच अनिश्चित असेल तर हिश्शावर कर कसा बसवणार?

याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की कायदा हे गणित नेहमी करतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हिस्सा असलेला सदस्य, मेला की त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे मानून त्याचा हिस्सा काढला जातो. त्याला मानीव वाटणी म्हणतात आणि जिल्हा न्यायालयांत ती रोजची बाब आहे. मृत्युकर होता तोपर्यंत एकत्र कुटुंबातल्या मृताचा हिस्सा याच रीतीने मोजून त्यावर कर घेतला जाई. मृत्यूच्या दिवशी जे गणित जमते ते 31 मार्चला का जमू नये?

दुसरे उत्तर अधिक टोचणारे आहे. खासगी न्यासाच्या दस्तात लाभार्थ्यांचे हिस्से अनिश्चित ठेवले, तर आयकर कायदा सर्वसाधारणपणे त्या उत्पन्नावर थेट कमाल दराने कर लावतो. अनिश्चिततेचा उपयोग दर खाली आणण्यासाठी होतो, हे कायद्याला तिथे ठाऊक आहे. मग तीच अनिश्चितता एचयूएफने पुढे केली की तिला कोरी पाटी का? दोन्हीकडे उपाय एकच हवा: हिस्से ठरवा आणि ज्याच्या त्याच्या हातात कर लावा.

‘पळवाटा कधीच बुजवल्या आहेत’ असेही सांगितले जाते. अर्धे खरे आहे. 31 डिसेंबर 1969 नंतर स्वतःची मालमत्ता कुटुंबाच्या हंडीत टाकली, तर तिचे उत्पन्न 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 64(2) खाली टाकणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. पगारातले 10 लाख एचयूएफच्या खात्यात टाकून मुदत ठेव केली, तर 7 टक्क्यांचे 70,000 व्याज त्या माणसाच्याच विवरणपत्रात जायला हवे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त फाइली इथेच चुकतात: व्याज एचयूएफचे म्हणून दाखवले जाते आणि भांडवल कुठून आले असा प्रश्न आला की कागद नसतो. पण नियम पाळला तरी गळती थांबत नाही. पहिल्या वर्षाचे 70,000 एचयूएफकडेच राहिले आणि पुन्हा गुंतवले, तर त्या 70,000 वर मिळणारे व्याज एचयूएफचे ठरते, टाकणाऱ्याचे नाही. पंधरा-वीस वर्षे थांबण्याची ऐपत असलेल्याला एवढे पुरते. मृत्युपत्राने ‘माझ्या मुलाच्या एचयूएफला’ असे लिहून मालमत्ता दिली, तर तेही चालते.

यात खरी वडिलोपार्जित मालमत्ता दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली आणि मृत्युपत्राविना मागे ठेवलेली मालमत्ता मुलाकडे वैयक्तिक म्हणून येते, कुटुंबाची म्हणून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन प्रकरणात 1986 साली स्पष्ट केले. तरीही पहिली पगारवाढ झाली की ‘एचयूएफ उघडून घ्या’ हा सल्ला मिळतोच. जन्माने बनणारी संस्था उघडावी लागते, यातच तिचे आजचे काम कळते.

मला सर्वांत जास्त सलते ती भाऊ-बहिणीतली तफावत. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि संसदेने 2005 मध्ये मुलीला मुलाबरोबरीने सहदायाद केले; 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचेही ठरले. पुन्हा साताऱ्याच्या गाळ्यांकडे येऊ. काही वर्षांनी वाटणी झाली, भाडेही वाढले, आणि भाऊ-बहिणीला प्रत्येकी 4 लाखांचे करपात्र भाडे येऊ लागले असे समजा. दोघांचेही लग्न झाले आहे, दोघेही नोकरीत 30 टक्क्यांच्या दरात आहेत. भावाला वाटणीत आलेली मालमत्ता बायको-मुलांसह त्याच्या नव्या एचयूएफची ठरते. 4 लाखांवर कर शून्य. बहिणीला नवरा-मुलांसह स्वतःच्या हिश्शाची अशी फाइल व्यवहारात काढता येत नाही, कारण सासरच्या कुटुंबात ती सदस्य आहे, सहदायाद नाही. तिच्या 4 लाखांवर उपकरासह 1,24,800 रुपये जातात. वारसा कायद्याने दिलेली बरोबरी करकायदा दरवर्षी सव्वा लाखाने हिरावून घेतो. एचयूएफची बाजू घेणारे या बहिणीबद्दल बोलत नाहीत, आणि धर्माच्या मुद्द्यावर अडकलेले विरोधकही बोलत नाहीत.

‘नको असेल एचयूएफ तर वाटणी करून घ्या’ हा सल्ला दुकानदार भावांना सहज दिला जातो. 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 171 वाचले की त्यातली अडचण कळते. एकदा एचयूएफ म्हणून आकारणी झालेले कुटुंब, अधिकाऱ्याने चौकशी करून वाटणी झाल्याचा आदेश देईपर्यंत एकत्रच मानले जाते. नुसते उत्पन्न वाटून घेणे ही या कलमापुरती वाटणी नव्हे. मालमत्तेचे प्रत्यक्ष भाग पडू शकत असतील तर ते पाडावे लागतात. 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी तर करापुरती झालीच नाही असे धरले जाते. दुकान वाटले आणि वाडा एकत्र ठेवला, तर दुकानाचे उत्पन्नही कुटुंबाचेच राहते. म्हणजे भावांनी वाडा तोडल्याशिवाय त्यांना कराचा न्याय मिळत नाही. कुटुंब टिकवणारी व्यवस्था ती हीच का?

हिश्शाप्रमाणे मोजणी केली तर वाडा तोडायची गरज उरत नाही, आणि ती कशी करायची याचा नमुना शेजारच्या गोव्यात आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेखाली नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. 1961 च्या आयकर कायद्यात 1994 साली घातलेले, पण 1963 पासून मागील परिणामाने लागू केलेले कलम 5ए सांगते की पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरावे आणि प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात दाखवावे. विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल 5ए नावाचा तक्ता आहे. मालमत्ता समाईक, उत्पन्न हिश्शाने, कर ज्याचा त्याच्याकडे. यात कोणाचे घर मोडले? केरळने तर 1976 पासून एकत्र कुटुंबपद्धतीच कायद्याने संपवली आणि सदस्यांना हिश्शाचे मालक केले. इतके टोक गाठण्याची आपल्याला गरज नाही.

कर्त्याने कुटुंबाच्या पॅनवर दरवर्षी फक्त माहितीचे विवरणपत्र भरावे: उत्पन्न किती, 31 मार्चला वाटेकरी कोण, मानीव वाटणीने कोणाचा हिस्सा किती. त्यावरून प्रत्येकाच्या नावे हिश्शाचा दाखला निघावा. गाळ्याच्या भाडेकरूने किंवा बँकेने कुटुंबाच्या पॅनवर कापलेला टीडीएस सदस्यांकडे वळवण्याची सोय आयकर नियमांत आजही आहे, फक्त ती इथे लागू करावी लागेल. धंद्याचा जुना तोटा ज्या कुटुंबांच्या खाती पुढे ओढला जात आहे, तो बदलाच्या दिवशीच्या हिश्शांत वाटून द्यावा, नाहीतर प्रामाणिक धंदेवाल्यांवर अन्याय होईल.

एक किंमत मात्र मोजावी लागेल. अज्ञान मुलाचे उत्पन्न, त्याने स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने मिळवलेले नसेल तर, आजच्या नियमाने आई-वडिलांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. साताऱ्याच्या कुटुंबात दोन्ही मुले शाळकरी असती तर त्यांचे 3 लाख वडिलांकडे गेले असते आणि कर 46,800 ऐवजी 1,40,400 झाला असता. जन्मसिद्ध हिश्शातून आलेले उत्पन्न आणि बापाने कर चुकवण्यासाठी मुलाच्या नावावर टाकलेले पैसे यांत फरक आहे. म्हणून वडिलोपार्जित हिश्शापुरते हे मिळवणे वगळावे आणि अज्ञान मुलाच्या नावे पालकाने वेगळे विवरणपत्र भरावे. ही दुरुस्ती त्याच विधेयकात घातली नाही, तर लहान मुले असलेल्या कुटुंबांचा विरोध रास्त ठरेल आणि मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन.